बारापैकी तीन

भाऊंच्या स्टुडिओत सकाळी येणाऱ्या माणसाला फोटो सुंदर नको असतो, पन्नास केबीत बसणारा हवा असतो. नोकरीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, परवान्याचा अर्ज. सगळ्या साइट्सचा हट्ट एकच, फोटो जेपेग हवा आणि पन्नास केबीच्या आत हवा. एखादा हुशार घरूनच फाइल घेऊन येतो आणि काउंटरवर मोबाइल आपटतो, ‘साइट घेतच नाही हो!’ भाऊ बघतात तर पीएनजी, तीही चार हजार केबीची. ‘हत्तीला खिडकीतून आत घ्यायला निघालात की,’ असं म्हणून ते तिची जेपेग करतात, दर्जाचा आकडा बारापैकी तीनवर आणतात आणि एंटर मारतात. माणूस खूश होऊन जातो. असे दिवसाला तीस-चाळीस.

भाऊ हे कुणा एकाचे भाऊ नव्हते, सगळ्या गल्लीचे होते. तरुणपणी त्यांचा हात नावाजलेला होता. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून ते नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशी घालवायचे की नवरीच्या आईलाही आठवायची नाहीत. पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, भाऊ तेही शिकले. मग लग्नांचे फोटो मोठ्या स्टुडिओंकडे गेले आणि भाऊंच्या वाट्याला उरले अर्ज. ज्या हातानं माणसांचे चेहरे उजळले त्या हाताला गेली सहा वर्षं फक्त एंटर मारायचं काम होतं. कुरकुर त्यांनी केली नाही, पण हाताला जी सवय लागते ती कुणाला विचारून लागत नाही.

त्यांचा एक नियमही होता, एक गिऱ्हाईक, एक फाइल. फार वर्षांपूर्वी एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याच्या फोटोच्या चार प्रती त्यांनी चार नावांनी ठेवल्या होत्या. समारंभाला छापून गेली ती चुकीची, अर्ध्या मिशा साफ केलेली. तेव्हा भाऊ ज्या स्टुडिओत नोकरीला होते तिथल्या मालकांनी सगळ्यांसमोर त्यांची अशी काही हजामत केली की भाऊंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून फाइल उघडायची, काम करायचं, त्याच नावावर सेव्ह करायची. मागे काही ठेवायचं नाही.

स्टुडिओच्या दुसऱ्या खिडकीपाशी डिझाइनवाली बसायची. पंचविशीतली, कामाला वाघ, तोंडानं त्याहून. ती शब्द लिहून मशीनकडून चित्रं बनवून घ्यायची. दुकानाच्या पाटीवरची हसरी मुलगी, साबणाच्या जाहिरातीतली आई, पुस्तकाच्या कव्हरवरचा म्हातारा, यांतलं कुणीही कधी जन्माला आलेलं नव्हतं. ती नवी आली तेव्हा तिची पहिली शिकवणी भाऊंनीच घेतली होती.

‘हे बघ,’ भाऊ म्हणाले होते, ‘सपाट रंग, कडक कडा, अक्षरं, पारदर्शक मागची बाजू, असलं तुझं चित्र असेल तर पीएनजीतच ठेव. पीएनजी जागा खाते, पण एक ठिपका टाकत नाही. जेपेगला पारदर्शक कळत नाही, आणि अक्षरांच्या कडेला ती घाण करते. जेपेग खऱ्या फोटोला चांगली, पण तीही काम संपल्यावर, एकदाच, वरच्या दर्जाला. काम चालू असेपर्यंत जेपेगला हात लावायचा नाही.’

पोरीनं ते ऐकलं आणि पाळलं. तिच्या न जन्मलेल्या माणसांनी दोन हार्ड डिस्क भरून गेल्या होत्या, एकाही केसाला धक्का न लागता.

आक्का, म्हणजे भाऊंची थोरली बहीण, रोज दुपारी चारला यायची. दारात चप्पल काढायची, भाऊंच्या शेजारच्या फिरत्या स्टुलावर बसायची, पर्समधून रुमालाची घडी काढायची आणि घडीतून एक पेनड्राइव्ह. त्यात एकच फोटो होता, तिच्या लेकीचा. आठ महिन्यांपूर्वी सहा दिवसांच्या न्यूमोनियानं ती गेली होती. बावीस वर्षांची.

घरात तिला सगळे खारू म्हणायचे, आणि ते नाव भाऊंनीच पाडलेलं होतं. नऊ वर्षांची असताना ती याच स्टुलावर बसून ‘मामा, अजून जोरात, अजून जोरात’ करत होती आणि मामा फिरवत होते. ती उडून टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि पुढच्या उजव्या दाताचा तिरका तुकडा उडाला. पुढे कितीतरी दिवस ती बिस्कीट एका बाजूनं कुरतडून खायची, म्हणून खारू. तेव्हा सगळे हसले. ती मोठी झाली तशी मात्र तिला हसण्याची लाज वाटायला लागली. पंधराव्या वर्षी तिनं हसताना तोंडावर हात ठेवायला सुरुवात केली, आणि तो हात पुन्हा खाली आलाच नाही. घरातल्या एकूण एक फोटोत एक तर तिचे ओठ घट्ट मिटलेले, नाहीतर तळहात आडवा.

फक्त या एका फोटोत नाही. तो तिच्या मैत्रिणीनं सहलीला चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेला होता. आडवा फोटो, नदीकाठचा बाक, मागे कुणीतरी बाई डबा उघडून बसलेली, आणि खारू मान मागे टाकून हसतेय. कशाला हसत होती कोण जाणे. हात दोन्ही मांडीवर, आणि तो तुटका दात उन्हात स्वच्छ दिसतोय. आक्काला तो फोटो दोन फुटांचा करून समोरच्या भिंतीवर लावायचा होता. आठ महिन्यांत त्या बाईनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

‘पेनड्राइव्ह ठेवून जा, मी करून ठेवतो,’ भाऊ पहिल्या दिवशी म्हणाले.

‘नको,’ आक्का म्हणाली. ‘तिला इथे एकटं ठेवून मी घरी जाणार नाही.’

म्हणून भाऊ पेनड्राइव्हवरचीच फाइल उघडायचे, तिच्यावरच काम करायचे, तिथेच सेव्ह करायचे. संध्याकाळी आक्का तिला रुमालात गुंडाळून घरी न्यायची.

काम तरी काय असायचं! एक दिवस, ‘ती मागची डबेवाली बाई काढ.’ भाऊंनी कडेची पट्टी कापली. दुसऱ्या दिवशी, ‘बाक जरा तिरका वाटतो.’ भाऊंनी फोटो केसभर फिरवून सरळ केला. मग ‘जरा उजेड वाढव.’ मग ‘फार उजेड झाला का रे?’ मग ‘कपाळावरची बट राहू दे, नको, काढ, नको, राहू दे.’ अर्धा तास काम आणि दीड तास आठवणी. भाऊंना कळत होतं की आक्काला फोटो दुरुस्त करून नकोच आहे. तिला रोज चार ते सहा लेकीसमोर बसायचंय, आणि नुसतं बसायला आलेय म्हणायची लाज वाटते. त्यांनाही ते हवं होतं. त्या रिकाम्या स्टुलाकडे त्यांना बघवायचं नाही, आणि आक्का त्यावर बसली की थोडं बघवायचं.

सहाच्या सुमाराला भाऊ सेव्ह म्हणायचे, समोर एक चौकोन उघडायचा, भाऊ आक्काशी बोलता बोलता एंटर मारायचे. त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. दर्जाचा मागच्या वेळचा आकडाच ते पुढच्या वेळी समोर धरायचं. आणि मागच्या वेळचा आकडा म्हणजे सकाळच्या अर्जांचा, बारापैकी तीन.

तेवीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी आक्का म्हणालीसुद्धा, ‘आता किती मऊ दिसते रे! तुझ्या हाताची जादू.’ भाऊंना बरं वाटलं. त्यांनी बट मऊ केली होती, गाल केले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. अख्खा फोटो स्क्रीनवर मावेल एवढा लहान करूनच दोघं बघत होते, आणि कालच्यापेक्षा आज केसभरच फरक असेल तर तो कुणाला दिसतो? आपलंच माणूस म्हातारं होताना आपल्याला दिसत नाही.

चोविसाव्या दिवशी सकाळी आक्का पहिल्यांदाच पेनड्राइव्ह ठेवून गेली. ‘झालं आता,’ ती म्हणाली. ‘किती दिवस तिला सतावायचं? छापायला दे. उद्या चारला न्यायला येते.’ दारातून परत फिरून तिनं तो रुमालही टेबलावर ठेवला.

मोठं छापायचं काम डिझाइनवालीकडे असायचं. तिनं पेनड्राइव्ह लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

‘भाऊ, ही फाइल चुकीची दिली का तुम्ही?’

‘एकच आहे त्यात.’

‘अहो, चारशे केबीची आहे. चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो ना हा? आठ-नऊ हजार तरी हवा.’

‘उघडून तर बघ.’

तिनं उघडला आणि खऱ्या मापाला मोठा केला. भाऊ तिच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

गाल चौकोनाचौकोनांचा झाला होता. केसांच्या कडेनं माश्या बसाव्यात तशी करडी घाण. कपाळावरची बट एक तपकिरी डाग. आणि तोंड? ओठांच्या आत एक पांढरी पट्टी होती, सरळ, सलग. त्यात दात नव्हतेच, मग तुटका कुठून असणार?

भाऊंना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. जेपेगचा स्वभाव त्यांना तळहातासारखा माहीत होता. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातलं बारीकसारीक, डोळ्याला सहज कळणार नाही ते, टाकून देते. बाराच्या दर्जाला नुसतं फोलपट उडतं, तीनला दाणेही उडतात. काही न बदलता तशीच पुन्हा सेव्ह केली तर फारसं बिघडत नाही, जे जायचं ते पहिल्यांदाच गेलेलं असतं. पण कडेची पट्टी कापली की चौकोनांच्या रेघा सरकतात. फोटो केसभर फिरवला, उजेड वाढवला, की सगळे चौकोन नव्यानं मांडले जातात, आणि उरलेल्यातून पुन्हा टाकाटाक. आक्काची एकेक बारीक मागणी, आणि वर भाऊंचा एकेक एंटर. तेवीस वेळा.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान,’ भाऊ स्वतःशीच पुटपुटले. पुढचं त्यांना बोलवलं नाही.

‘मूळ फोटो कुठेतरी असेल ना?’ पोरीनं विचारलं. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

‘हाच मूळ होता.’

‘निदान हा तरी लगेच पीएनजी करून ठेवू का?’

‘बैल गेला आणि झोपा केला,’ भाऊ म्हणाले. ‘पीएनजी दिलेलं राखते गं. गेलेलं आणून देत नाही.’

तरी ते हात चोळत बसले नाहीत. त्यांनी खारूच्या मैत्रिणीचा नंबर शोधून फोन लावला.

‘मामा, माझ्याकडे नाहीये तो,’ ती म्हणाली. ‘काढला त्याच दिवशी तिनं माझ्यासमोर कॅमेऱ्यातून उडवायला लावला. म्हणाली, दात दिसतोय, कुणाला दाखवलास तर बोलणार नाही तुझ्याशी. पण त्याआधी मी दुपारी जेवताना लॅपटॉप लावून सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले होते. तो एक गुपचूप ठेवून दिला. तोच पेनड्राइव्ह काकूंना दिला.’ मग तिनं विचारलं, ‘का, काय झालं?’

‘काही नाही,’ भाऊ म्हणाले. ‘छान आलाय फोटो.’

मग त्यांनी पुसलेल्या फाइली शोधून देणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर सोडला. त्याच नावावर सेव्ह केलं की जुनी फाइल पुसली जाते, पण पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून लिहिली जाते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मग ती खरी मरते. इथे रोज संध्याकाळी एक नवी फाइल येऊन बसत होती. भाऊ दुपारभर त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसले. काउंटरवर अर्जवाले ताटकळले, दोघं शिव्या घालून गेले. भाऊंनी मान वर केली नाही.

पावणेपाचला प्रोग्रॅमनं एक फाइल पुढे केली. आठ हजार नऊशे केबी. तारीख सहलीची.

भाऊंनी ती उघडली आणि हाक मारली. डिझाइनवाली धावत आली.

जेपेग वरून खाली लिहिलेली असते, ओळीमागून ओळ. या फाइलचा वरचा भाग शाबूत राहिला होता आणि खालच्यावर तेवीस संध्याकाळी बसल्या होत्या. वर नदीपलीकडची झाडं, पान न् पान. डबेवाली बाईसुद्धा होती, डब्याच्या झाकणापर्यंत. खारूचे केस, कपाळ, ती बट, एकेक केस वेगळा. डोळे हसून बारीक झालेले, कोपऱ्यात पाणी आलेलं, पापणीच्या सावलीतला तीळ. नाकाचं टोक. आणि नाकाच्या टोकाखाली एक सरळ रेघ, त्याखाली सगळं राखाडी.

भाऊंना रडू आलं. पोरीसमोर आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

‘भाऊ, मी खालचं भरून बघू?’ ती म्हणाली. ‘मशीनला वरचा चेहरा दाखवते आणि खालचा अर्धा मागते. रोज हेच तर करते मी.’

भाऊ हो म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर फार हुशार होती.

मशीननं काही क्षणांत तोंड दिलं. ओठ, हनुवटी, गळा, बाक, मांडीवरचे हात, सगळं. रेघ कुठे होती तेही कळेना. आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस असावेत असे दात, टूथपेस्टच्या डब्यावरचे.

‘दात तुटका हवा,’ भाऊ म्हणाले. पोरीनं तसं लिहिलं. मशीननं चार दात तोडले, मुलगी मारामारीतून आल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा लिहिलं. या वेळी मध्ये नुसती फट. मग डावा दात. मग उजवा, पण तुकडा सरळ उडालेला, करवतीनं कापल्यासारखा. ‘तिरका गं, तिरका, आतल्या बाजूला थोडा जास्त,’ भाऊ सांगत होते आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की नक्की किती तिरका ते त्यांनाही आठवत नाहीये. इतकी वर्षं ती तोंडावर हात धरून हसत होती. नीट बघितला होता कुणी?

सतरा तोंडं झाली. पोरीनं सवयीनं प्रत्येक सेव्ह केलं, पीएनजी, ठिपक्यालाही धक्का नाही. भाऊ त्या यादीकडे बघत राहिले. कधीच न हसलेली सतरा हसणी, आणि डिझाइनवालीच्या दोन डिस्कांमधली न जन्मलेली सगळी माणसं, जगबुडीपर्यंत टिकतील अशी जपलेली. आणि जी खरोखर जन्मली, याच खोलीत पडली, रडली, जिला त्यांनी उचलून पाणी पाजलं, तिला त्यांनी बारापैकी तीनवर झिजवून टाकलं. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि गल्लीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी चारला आक्का आली. आज तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. दारात चप्पल काढून ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘दाखव.’

भाऊंनी ठरवून ठेवलं होतं की सांगायचं. पण पोटातलं ओठावर येईना. त्यांनी सतरातलं पहिलं उघडलं. ते सगळ्यात गोड होतं.

आक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं.

‘दात बसवलास का रे?’ ती म्हणाली. ‘तिला किती बसवून घ्यायचा होता! मीच म्हणायचे, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. बघ, कशी दिसली असती.’

डिझाइनवाली आपल्या खिडकीपाशी पाठ करून बसली होती. तिचे हात थांबले होते. भाऊंना वाटलं, संपवावं इथेच. छापावं, भिंतीवर लागावं, म्हातारी सुखात राहावी. कुणाचं काय जातं? मग आक्कानं पदराच्या टोकानं स्क्रीन पुसली, तोंडापाशीच, हलक्या हातानं, आणि भाऊंना ते सहन झालं नाही.

‘आक्का, हे तोंड तिचं नाही.’

‘म्हणजे?’

‘मशीननं बनवलंय. ओठसुद्धा. हनुवटीपण.’

‘मग तिचं कुठंय?’

‘पुसलं गेलं. माझ्या हातून.’ एकदा बांध फुटल्यावर भाऊंनी काहीच मागे ठेवलं नाही. अर्जांचा आकडा, एंटर, एक गिऱ्हाईक एक फाइल, सगळं सांगितलं. ‘रोज थोडं थोडं गेलं. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. या पोरीला मीच शिकवलंय, काम चालू असताना जेपेगला हात लावू नकोस म्हणून.’

‘मग तू का लावलास?’

भाऊंनी खूप शोधलं, पण त्यांच्याकडे खरं उत्तर एकच होतं. ‘मला ते काम वाटलंच नाही, आक्का. तू येऊन बसायचीस, मला बरं वाटायचं.’

बाहेर कुणीतरी अर्जासाठी काउंटर वाजवला, डिझाइनवालीनं उठून त्याला उद्या यायला सांगितलं.

‘मी इथेच बसलेली असायचे ना रे?’ आक्का शेवटी म्हणाली. ‘रोज? जेव्हा जात होतं तेव्हा?’

‘हो.’

‘आणि मीच म्हणायचे, उजेड वाढव, बट काढ.’

‘तुझा काय दोष? तुला काय माहीत?’

‘मला दाताचं माहीत होतं,’ आक्का म्हणाली. ‘मऊ दिसते म्हणाले, आणि दात बघितलाच नाही मी.’ तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर भाऊंना सोपं गेलं असतं. ‘खरं काय उरलंय ते दाखव.’

भाऊंनी अर्धा फोटो उघडला. झाडं, केस, बट, डोळे. रेघ. राखाडी.

आक्का स्टूल पुढे ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या पाण्याकडे तिनं बघितलं, तिळाकडे बघितलं. मग तिनं आपला उजवा हात उचलला आणि आडवा करून त्या राखाडीवर ठेवला, बरोबर नाकाखाली.

‘अशीच हसायची ती,’ आक्का म्हणाली.

मग तिनं हात काढून घेतला.

‘हाच छाप. दोन फुटांचा. राखाडीसकट. कुठे काही भरू नकोस.’

‘आक्का, लोक विचारतील.’

‘विचारू देत. सांगेन, फोटो काढलेला आवडायचा नाही तिला.’

प्रिंट निघेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. निघाल्यावर गुंडाळी काखेत धरली, पेनड्राइव्ह रुमालात घालून रुमालाची घडी केली, घडी पर्समध्ये ठेवली. दारात चप्पल घालताना तिनं मागे न बघता सांगितलं, ‘उद्यापासून येत नाही मी. आता काम नाही ना काही.’

भाऊंनी हो म्हटलं.

डिझाइनवालीनं न सांगता ती सतरा तोंडं पुसून टाकली. अर्ध्या फोटोच्या तीन प्रती तीन डिस्कांवर ठेवल्या, आहे तशाच, न उघडता. एक पीएनजीही करून ठेवली. भाऊंच्या नियमाला तिनं विचारलं नाही, आणि भाऊंनीही तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, परीक्षेच्या अर्जाचं, खारूच्याच वयाची मुलगी. भाऊंनी फोटो काढला, कापला, सेव्ह म्हटलं. समोर चौकोन उघडला. बारापैकी तीन. भाऊंचा हात एंटरवर गेला आणि तिथेच राहिला.

‘काका, फोटो चांगला नाही आला का?’ मुलीनं विचारलं.

‘चांगला आलाय,’ भाऊ म्हणाले. ‘एक मोठी प्रत घरी घेऊन जा. आईकडे दे. म्हणावं, हिला काही करू नकोस.’

मुलगी हसली. भाऊंनी एंटर मारला. चारच्या सुमाराला त्यांनी शेजारचं फिरतं स्टूल उचललं आणि मागच्या खोलीत, तुटक्या स्टँडांच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.